दीर्घ उपवासात शरीर प्रथिने कशी वाचवते : तपासणीसाठी येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पर्युषणाच्या दिवसांत अठ्ठाई किंवा मासखमण करणारे अनेक ग्राहक रक्त आणि लघवीच्या तपासणीसाठी आमच्या प्रयोगशाळेत येतात. अहवालात कीटोन वाढलेले दिसले की त्यांना व त्यांच्या घरच्यांना काळजी वाटते, आणि उपवासात स्नायू झिजत असतील का, असे ते आवर्जून विचारतात. पुढील माहिती केवळ पाण्यावर केलेल्या उपवासाबद्दल आहे; साबुदाणा, फळे किंवा दूध घेऊन केलेल्या उपवासाला ती लागू पडत नाही.

मेंदूला एरवी दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम ग्लुकोज लागते. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात असलेला ग्लुकोजचा साठा जवळपास एका दिवसात संपतो, आणि स्नायूंतील ग्लायकोजेन स्नायूंच्याच कामी येते, कारण त्यापासून तयार झालेले ग्लुकोज रक्तात सोडण्यासाठी आवश्यक असलेले विकर स्नायूंमध्ये नसते. चरबी भरपूर असली तरी तिच्यातील मेदाम्लांपासून शरीराला ग्लुकोज बनवता येत नाही. फक्त ग्लिसरॉलचा छोटा अंश त्यासाठी वापरता येतो. म्हणून पहिल्या काही दिवसांत यकृत मुख्यतः प्रथिनांतील अमिनो आम्लांपासून ग्लुकोज तयार करते, आणि प्रथिनांची सर्वाधिक झीज याच दिवसांत होते.

ही झीज 24 तासांच्या लघवीतील नायट्रोजनवरून मोजता येते, कारण एक ग्रॅम नायट्रोजन म्हणजे सुमारे 6.25 ग्रॅम प्रथिने. समजा, उपवासाच्या सुरुवातीला एका दिवसाच्या लघवीत 12 ग्रॅम नायट्रोजन आढळला, तर 75 ग्रॅम प्रथिने खर्च झाली. स्नायूंच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा प्रथिनांचा असतो. त्यामुळे हा सारा नायट्रोजन स्नायूंतूनच आला असे धरल्यास एका दिवसात सुमारे 375 ग्रॅम स्नायू गेले, आणि हाच वेग महिनाभर टिकला असता तर 11 किलोंहून अधिक स्नायू गेले असते. प्रत्यक्षात काही आठवड्यांनी नायट्रोजन 4 ग्रॅमच्या आसपास उतरतो, म्हणजे प्रथिनांची झीज दिवसाला सुमारे 25 ग्रॅमवर येते.

हा फरक कीटोनमुळे पडतो. यकृत मेदाम्लांपासून अॅसिटोअॅसिटेट आणि बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हे कीटोन तयार करते. सुरुवातीला स्नायूही कीटोन वापरतात, पण पुढे ते मुख्यतः मेदाम्लांवर भागवू लागतात, त्यामुळे रक्तातील कीटोन वाढत जाऊन मेंदूच्या वाट्याला येतात. बोस्टनमधील ओवेन, केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये पाच ते सहा आठवडे उपवास केलेल्या तीन स्थूल व्यक्तींच्या मेंदूकडे जाणाऱ्या व तेथून परतणाऱ्या रक्ताची तपासणी केली, तेव्हा मेंदूच्या इंधनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग कीटोनमधून येत असल्याचे आढळले. मेंदूची ग्लुकोजची गरज कमी होते, म्हणूनच प्रथिने वाचतात.

अहवाल वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लघवीची पट्टी फक्त अॅसिटोअॅसिटेट ओळखते, तर उपवासात रक्तात बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेटचे प्रमाण अधिक असते. त्यामुळे पट्टीच्या रंगावरून रक्तातील कीटोनचा नेमका अंदाज बांधता येत नाही. दुसरी गोष्ट आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. कीटोन ही आम्ले असल्याने त्यांचा समतोल राखण्यासाठी मूत्रपिंड लघवीत अमोनिया सोडते, आणि दीर्घ उपवासात नायट्रोजनचा मोठा भाग युरियाऐवजी अमोनियाच्या रूपात बाहेर पडतो. केवळ युरिया मोजल्यास झीज प्रत्यक्षाहून कमी भासते. तेव्हा अशा वेळी एकूण नायट्रोजनची तपासणी मागावी आणि 24 तासांतील एकही वेळची लघवी वगळू नये.

ही बचत चरबी शिल्लक असेपर्यंतच टिकते. कृश व्यक्तीत चरबी संपत आली की नायट्रोजन पुन्हा वाढू लागतो, आणि तो धोक्याचा इशारा असतो. त्या वेळी उपवास पुढे चालू ठेवू नये. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या, विशेषतः नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या, घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय असा उपवास करू नये, कारण ‘ग्लिफ्लोझिन’ गोळ्यांमुळे साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त घातक प्रमाणात आम्लीय होऊ शकते.

पारण्याच्या वेळीही सावधगिरी आवश्यक आहे. एकदम गोड किंवा भरपेट खाल्ल्यास इन्शुलिन वाढून रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढले जातात, आणि फॉस्फेट फार घसरल्यास हृदय व श्वसनाचे स्नायू दुबळे पडतात. म्हणून दीर्घ उपवासानंतर या तिन्हींची तपासणी पारण्यापूर्वी आणि नंतरचे काही दिवस डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी, आणि थायमिन हे ब-1 जीवनसत्त्व देऊन आहार कसा वाढवायचा हेही त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे.