भाडेकरू नोंदणीचे नवे नियम आणि घर सोडतानाचा नो ड्यूज दाखला

आपल्या सोसायटीने भाडेकरू नोंदणीचे नियम बदलले आहेत. माझ्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या तुम्हा सर्वांसाठी हे सविस्तर लिहितोय.

घरात राहणाऱ्या प्रत्येक सज्ञान व्यक्तीचं नाव ऑफिसच्या रजिस्टरमध्ये असायला हवं. मध्येच नवा रूममेट आला तर त्याचं नाव करारातही यायला हवं, त्यामुळे सामान येण्याआधी मला कळवा. कागद मोजकेच आहेत: नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत, पोलिसांकडे दिलेल्या भाडेकरू माहितीची पोच, प्रत्येकाचं ओळखपत्र व फोटो आणि गाडी असेल तर आरसी. आधारची प्रत देताना पहिले आठ आकडे झाकलेलीच द्या. करार नोंदवणं ही कायद्याने माझी, म्हणजे मालकाची जबाबदारी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 मध्ये ते स्पष्ट लिहिलेलं आहे. अकरा महिन्यांनी करार नवा झाला की ऑफिसात नवी प्रत द्यावी लागते. हे राहिलं तर रजिस्टरमध्ये तुमची मुदत संपलेली दिसते आणि वॉचमन गेटवर अडवतो.

मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेते, पण ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. सेवा शुल्क 2,000 रुपये असेल तर फार तर 200. ते मी भरतो; कोणी तुमच्याकडे मागितलं तर देऊ नका, मला फोन करा.

आता घर सोडताना. सामान बाहेर न्यायला गेटपास लागतो आणि तो नो ड्यूज दाखल्याशिवाय मिळत नाही. थकबाकी सोसायटीच्या हिशेबात सभासदाच्या नावावर दिसते, म्हणून दाखल्याचा अर्ज मी सही करून देईन. तुम्ही पार्किंगचं स्टिकर आणि गेटचं कार्ड परत करून दाखला घ्या, आणि त्याची एक प्रत मला द्या. डिपॉझिटचा हिशेब मी त्यावरच करतो. अर्ज निदान आठ दिवस आधी टाका, कारण सेक्रेटरी रोज ऑफिसात नसतात.

पण या दाखल्यात महावितरणचं बिल येत नाही, आणि नेमकं तिथेच भांडण होतं. समजा रीडिंग 12 तारखेला झालं आणि तुम्ही 31 ला निघालात, तर मधल्या दिवसांची वीज पुढच्या बिलात येते. म्हणून चावी देताना मीटरचा फोटो आपण दोघं मिळून काढू. शेवटच्या बिलात रीडिंग 8,412 आणि निघताना 8,530 असेल, तर 118 युनिट तुमचे. मागचं बिल सरासरी 9 रुपये युनिटने पडलं असेल, तर 1,062 रुपये होतात. तेवढेच मी डिपॉझिटमधून बाजूला ठेवीन, बाकी रक्कम त्याच दिवशी देईन आणि बिल आल्यावर कमी-जास्त काय ते बिलाच्या फोटोसह मिटवीन. पाइप गॅस असेल तर त्याच्या मीटरचाही फोटो त्याच वेळी घेऊ.