परताव्याचे विभाजन (ब्रिन्सन-फॅक्लर पद्धत)

पोर्टफोलिओने बेंचमार्कपेक्षा मिळवलेला जादा परतावा योग्य क्षेत्रे निवडल्याने आला की क्षेत्रांतले योग्य शेअर घेतल्याने, हे वेगळे काढण्याची रीत. ठाण्यातल्या किंवा ऐरोलीतल्या बॅक ऑफिसांत हे काम ‘अॅट्रिब्युशन’ याच नावाने चालते. ब्रिन्सन व फॅक्लर यांनी ही मांडणी 1985 मध्ये केली.

प्रत्येक क्षेत्रासाठी वाटप, निवड आणि संयुक्त परिणाम असे तीन आकडे काढतात. `wp`, `wb` म्हणजे पोर्टफोलिओतले व बेंचमार्कमधले वजन. `rp`, `rb` म्हणजे त्या क्षेत्राचा दोन्हींकडचा परतावा. `RB` म्हणजे संपूर्ण बेंचमार्कचा परतावा.

```
वाटप = (wp - wb) × (rb - RB)
निवड = wb × (rp - rb)
संयुक्त = (wp - wb) × (rp - rb)
```

एका महिन्याचे कल्पित उदाहरण घेऊ. बेंचमार्कमध्ये बँका 40, आयटी 30, इतर 30 टक्के. परतावे अनुक्रमे 5, उणे 2 आणि 4 टक्के, म्हणजे एकूण 2.6. पोर्टफोलिओत बँका 30, आयटी 40, इतर 30. परतावे 6, 1 आणि 4, म्हणजे एकूण 3.4. जादा परतावा 0.8.

वाटपात बँकांनी 0.24 आणि आयटीने 0.46 गमावले, मिळून उणे 0.70. निवडीतून बँकांत 0.40, आयटीत 0.90, एकूण 1.30 आले. संयुक्त परिणाम 0.20. बेरीज 0.80 जुळते. व्यवस्थापकाचा क्षेत्रांचा अंदाज चुकला, शेअरांनी त्याला तारले.

`RB` वजा करणे हाच या पद्धतीचा गाभा आहे. 1986 च्या ब्रिन्सन-हूड-बीबोवर मांडणीत वाटप नुसत्या `rb` ने गुणतात. त्यात बँकांवर उणे 0.50 आणि आयटीवर उणे 0.20 पडतात. बेरीज तीच, कारण वजनांतल्या फरकांची बेरीज शून्य असते. पण दोष भलत्याच क्षेत्रावर जातो. बेंचमार्कपेक्षा 4.6 टक्क्यांनी मागे राहिलेल्या आयटीत जादा पैसे ठेवणे ही मोठी चूक होती, आणि ती पहिल्याच पद्धतीत दिसते.

संयुक्त परिणाम काही जण निवडीत मिळवतात. मग निवड 1.50 दिसते. दोन अहवालांची तुलना करण्याआधी हे विचारून घ्यावेच.

तीन परिणामांची बेरीज एनएव्हीवरून काढलेल्या जादा परताव्याशी जुळली नाही, तर आधी रोकड पाहावी: तिला स्वतंत्र क्षेत्र मानून वजन द्यावे लागते. मग महिन्याच्या मधले व्यवहार पाहावेत, कारण सुरुवातीच्या वजनांत ते येत नाहीत. दैनंदिन हिशेबाने हा फरक बराच घटतो. खर्च व शुल्क वजा झालेली एनएव्ही घेतली असेल, तर तेवढी तफावत राहणारच.

सर्वांत फसवी चूक मात्र बेरजेत दिसत नाही. बेंचमार्क लाभांशाविना किंमत-निर्देशांकाचा घेतला, तर पोर्टफोलिओला मिळालेला लाभांश निवडीचे कौशल्य म्हणून जमा होतो. भारतातील म्युच्युअल फंडांना 1 फेब्रुवारी 2018 पासून एकूण परतावा निर्देशांकाशी तुलना बंधनकारक आहे. क्षेत्रनिहाय आकडेही त्याच मालिकेतून घ्यावेत.

महिन्यांचे परिणाम नुसते बेरजेने जोडता येत नाहीत, कारण परतावे चक्रवाढीने वाढतात. त्यासाठी कारिनोसारखी जोडणी-पद्धत वापरतात.