स्क्रीनशॉटच्या भाषांतरात बटणांची नावं जुळवणं

सेटिंग्ज मेनूचा स्क्रीनशॉट आणि त्याच्या खालच्या सूचना दुसऱ्या भाषेत नेताना, सूचनेतलं बटणाचं नाव आणि वाचणाऱ्याच्या फोनवर दिसणारं नाव अक्षराला अक्षर सारखं ठेवायचं काम. ऐकायला किरकोळ वाटतं, पण बटणाचं नाव इथे वाक्यातला शब्द म्हणून येत नाही, ते पत्त्यासारखं असतं, म्हणजे त्याचा छान अर्थ लावून उपयोग नाही, ते स्क्रीनवर जसं लिहिलंय तसंच लागतं. बाकीचं वाक्य हवं तसं फिरवा, बटणाला हात लावू नका.

गडबड कशी होते ते अँड्रॉइडच्या एका नेहमीच्या सूचनेवरून बघू. ॲप अडकत असेल तर इंग्रजीत सांगतात की Settings मध्ये Apps उघडा, ते ॲप निवडा, Storage & cache मध्ये जा आणि Clear cache दाबा. त्याच स्क्रीनवर शेजारी Clear storage नावाचं दुसरं बटण असतं. पहिलं बटण फक्त तात्पुरत्या फायली काढतं, ज्या ॲप परत बनवून घेतं. दुसरं ॲपचा सगळा डेटा पुसतं, म्हणजे लॉगिन जातं, ॲपमधल्या सेटिंग्ज जातात, आणि जे फक्त फोनवरच सेव्ह होतं ते कायमचं गेलं.

आता समजा भाषांतर करणाऱ्याने स्क्रीनशॉट बघून शुद्ध मराठीत लिहिलं की "तात्पुरती साठवण पुसा". अर्थ बरोबर आहे, चूक काढायला जागा नाही. पण मराठीत लावलेल्या फोनवर बटणं असतात "कॅशे साफ करा" आणि "स्टोरेज साफ करा". वाचणारा माणूस "साठवण" शोधतोय, त्याला "कॅशे" म्हणजे काय ते माहीत असेलच असं नाही, "स्टोरेज" मात्र ओळखीचं आहे, मग तो जवळचं वाटणारं बटण दाबतो आणि तेच नेमकं चुकीचं निघतं. अर्थ बरोबर असून सूचना घातक ठरते ती अशी.

म्हणून भाषांतराला बसायच्या आधी एक गोष्ट ठरवायची, वाचणाऱ्याचा फोन कुठल्या भाषेत आहे. मराठी वाचणाऱ्या कितीतरी लोकांचे फोन इंग्रजीतच असतात, त्यांच्यासाठी बटणाचं नाव Clear cache असंच इंग्रजी अक्षरांत ठेवायचं आणि पुढे "म्हणजे तात्पुरत्या फायली काढायचं बटण" असं सांगायचं. "क्लिअर कॅश" असं देवनागरीत लिहिलं तर ते धड इकडचं नाही धड तिकडचं, कारण तसं नाव कुठल्याच स्क्रीनवर नसतं. फोन मराठीत असेल तर मराठी मेनूतलं खरं नाव लिहायचं, ते आपल्याला कितीही बेंगरूळ वाटलं तरी. सुधारायची खाज येते, पण ते काम ॲप बनवणाऱ्यांचं आहे.

खरं नाव मिळवायचा सरळ रस्ता म्हणजे फोनची भाषा मराठी करायची, तोच स्क्रीन उघडायचा, नवा स्क्रीनशॉट काढायचा आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवून वरून खाली क्रमाने जुळवत जायचं. आयकॉन आणि जागा सहसा त्याच राहतात, त्यामुळे शब्द अनोळखी असला तरी ओळ सापडते. ॲपच्या आतल्या मेनूचा स्क्रीनशॉट असेल तर अख्ख्या फोनची भाषा बदलायची गरज नसते, आयफोनवर 2019 च्या आयओएस 13 पासून आणि अँड्रॉइडवर 2022 च्या अँड्रॉइड 13 पासून एकेका ॲपची भाषा वेगळी ठेवता येते, फक्त ॲपने ती सोय दिलेली हवी.

ॲपचा कोड उघड असेल तर त्याहून पक्का रस्ता आहे. अँड्रॉइड ॲपमध्ये मूळ मजकूर (बहुतेक वेळा इंग्रजी) values फोल्डरमधल्या strings.xml मध्ये असतो आणि मराठी values-mr मधल्या त्याच नावाच्या फाइलमध्ये, दोन्हीकडे एकच किल्ली, म्हणजे name मध्ये लिहिलेलं नाव:

```xml
<!-- values/strings.xml -->
<string name="clear_cache">Clear cache</string>
<!-- values-mr/strings.xml -->
<string name="clear_cache">कॅशे साफ करा</string>
```

इंग्रजी शब्द शोधायचा, किल्ली घ्यायची, मराठी फाइलमध्ये तीच किल्ली बघायची. स्क्रीनशॉटमध्ये CLEAR CACHE असं सगळं मोठ्या अक्षरांत दिसलं तरी फाइलमध्ये तसं असेलच असं नाही, काही बटणं दाखवताना अक्षरं मोठी करतात, म्हणून शोधताना लहानमोठ्या अक्षरांचा फरक बंद ठेवायचा. आणि मराठी फाइलमध्ये किल्लीच नसेल तर अँड्रॉइड मूळ फाइलमधला मजकूर दाखवतो, म्हणजे मराठी मेनूत मधेच एक इंग्रजी ओळ येते. अशा ओळीचं भाषांतर करून सूचना एकसारखी दिसेल अशी करू नये, वाचणाऱ्याला इंग्रजीच दिसणार आहे तर सूचनेतही इंग्रजीच हवं.

फोटोवर थेट भाषांतर चिकटवणारी ॲप्स इथे फसवतात. ती चित्रातली अक्षरं वाचून जागेवरच नवा शब्द रंगवतात, दिसायला एकदम खऱ्या मेनूसारखं, पण तो शब्द ॲपच्या फाइलमधून आलेला नसतो आणि वर मूळ नावही झाकलं जातं. अर्थ कळायला ठीक आहे, सूचना लिहायला नाही.

नाव खरं आहे का ते तपासायला सेटिंग्जमधला शोध बरा पडतो, पण तो फोनच्या मेनूपुरता, ॲपच्या आतल्या मेनूसाठी नाही. लिहिलेलं नाव तिथे टाकायचं, ओळ आली तर बरं, नाही आली तर परत बघायचं. इथे मराठीची एक खास कटकट आहे. ॲप मधला "ॲ" हे एक स्वतंत्र अक्षर आहे (U+0972, युनिकोडमध्ये 2008 साली आलं), आणि काही कीबोर्डवर तोच आकार "अ" ला चंद्र लावून बनतो, "अॅ". डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे, त्यामुळे हाताने टाइप केलेलं नाव शोधात जुळेलच असं नाही. शक्य असेल तिथे कॉपी करून चिकटवलेलं बरं.

ऑन-ऑफ होणाऱ्या बटणांना अजून जरा जपायचं. ओळीचं नावच "सूचना बंद ठेवा" असेल तर बटण ऑन केल्यावर नोटिफिकेशन बंद होतात, तिथे नुसतं "हे बंद करा" लिहिलं की अर्धे लोक उलटं करणार. "'सूचना बंद ठेवा' समोरचं बटण ऑन करा" असं कोणती ओळ आणि कोणती स्थिती ते दोन्ही लिहायचं.

एवढं करूनही नाव सगळीकडे जुळत नाही, कारण फोन बनवणाऱ्या कंपन्या सेटिंग्जचा मेनू आपापल्या पद्धतीने बदलतात आणि आवृत्तीगणिक नावंही बदलतात. म्हणून स्क्रीनशॉट कुठल्या फोनवरचा आणि अँड्रॉइडच्या कुठल्या आवृत्तीवरचा ते खाली लिहायचं आणि नावासोबत बटण दाबल्यावर काय दिसायला हवं तेही सांगायचं. वरच्या उदाहरणात ते सोपं आहे: साध्या अँड्रॉइडवर कॅशेचं बटण दाबलं की काही न विचारता त्याच स्क्रीनवरचा कॅशेचा आकडा शून्यावर किंवा त्याच्या आसपास येतो, पण स्टोरेजचं बटण दाबलं की डेटा कायमचा हटेल असं सांगून आधी खात्री करणारी चौकट येते. तेव्हा सूचनेत एवढं वाक्य टाकायचं की "फोनने डेटा हटवायचं विचारलं तर थांबा, रद्द करा, तुम्ही दुसरं बटण दाबलंय".