उशिरा दिलेली लस चालते, गोठलेली चालत नाही

उसाचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यात तोडणीच्या टोळ्या उतरतात आणि त्यांच्याबरोबर अर्धवट भरलेलं लसीकरण कार्ड असलेली तान्ही बाळंही येतात. समजा, एका बाळाला दीड महिन्याचं असताना पेंटाव्हॅलंटचा, म्हणजे डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरच्या एकत्रित लशीचा, पहिला डोस मिळाला आणि आता तळावर ते पाच महिन्यांचं आहे. आईला वाटतं, डोस चुकले, म्हणजे सगळं पहिल्यापासून. तसं नसतं. दुसरा डोस त्याच दिवशी द्यायचा आणि तिसरा त्यानंतर चार आठवड्यांनी. पहिल्या डोसमुळे तयार झालेल्या स्मृतिपेशी तीन-साडेतीन महिन्यांत विसरत नाहीत. घाई मात्र चालत नाही, कारण चार आठवड्यांच्या आत पहिला प्रतिसाद अजून पिकतच असतो. ६, १० आणि १४ आठवडे या वेळापत्रकातलं अंतर म्हणजे किमान अंतर. उशिराचा तोटा एवढाच, की मधल्या काळात बाळ उघडं राहतं, आणि डांग्या खोकला सर्वांत जिवावर बेततो तो याच पहिल्या काही महिन्यांत. म्हणून ‘आज अमावास्या आहे, पुढच्या वेळी टोचू’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. अमावास्येचा लशीवर काहीही परिणाम होत नाही.

परिणाम होतो तो बर्फाचा. लस जितकी गार तितकी चांगली, असं अनेकांना वाटतं. पेंटाव्हॅलंटच्या बाबतीत हे साफ चूक आहे. ती २ ते ८ अंशांत ठेवायची असते आणि एकदाही गोठता कामा नये. या लशीतले घटक अॅल्युमिनियम क्षाराच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटवलेले असतात. हे कण शरीराच्या संरक्षक पेशींना टोचल्या जागी बोलावून घेतात. लस गोठते तेव्हा पाण्याचे स्फटिक तयार होतात आणि कण त्यांच्या फटींत दाबले जाऊन एकमेकांना चिकटतात. बर्फ वितळला तरी हे गोळे सुटत नाहीत. कुपी पुन्हा दुधाळ दिसते, पण लशीची ताकद गेलेली असते.

कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे वर्तुळातला फिकट चौकोन, हे नुकसान दाखवत नाही. तो उष्णतेनेच गडद होतो, त्यामुळे गोठलेल्या कुपीवरही फिकटच राहतो. ‘ताप आला म्हणजे लस लागली’ हाही पुरावा नव्हे. पेंटानंतरचा ताप मुख्यतः डांग्या खोकल्याच्या मारलेल्या अख्ख्या जंतूंमुळे येतो. संरक्षण तयार झालं की नाही, हे त्यावरून कळत नाही.

गोठण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो प्राथमिक आरोग्य केंद्रातून वाडीवर जाणाऱ्या व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये. त्यात चार आईसपॅक असतात. डीप फ्रीझरमधून काढलेला पॅक उणे २० अंशांच्या आसपास असतो. तो तसाच भरला तर त्याला टेकलेली कुपी गोठू शकते. म्हणून पॅक आधी टेबलावर मांडून ठेवायचे. सुरुवातीला त्यांच्यावर पांढरं हिव दिसतं, मग थेंब जमतात. पॅक कानाशी धरून हलवला आणि आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की तो तयार. बर्फ आणि पाणी एकत्र असेपर्यंत पॅकचं तापमान शून्यावरच अडकून राहतं, कारण येणारी सगळी उष्णता बर्फ वितळवण्यातच खर्च होते. म्हणजे तो आवाज हाच थर्मामीटर. यासाठी घड्याळ लावून उपयोग नाही: मे महिन्यात पॅक लवकर तयार होतात, गगनबावड्याच्या पावसात बराच वेळ घेतात. सकाळी गाडी दारात उभी असते, आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते.

शंका आली तर शेक टेस्ट करायची. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम घट्ट गोठवायची, तिच्यावर तशी खूण करायची आणि ती आपोआप वितळू द्यायची. मग ती आणि संशयित कुपी एकाच हातात धरून दहा-पंधरा सेकंद हलवायच्या आणि सपाट जागी शेजारी शेजारी ठेवून अर्धा तास पाहायच्या. मुद्दाम गोठवलेल्या कुपीत कण लवकर तळाला बसतात आणि वर नितळ पाणी दिसतं. संशयित कुपीतला गाळ त्याच वेगाने किंवा त्याहून लवकर बसला, तर ती वापरायची नाही. तो सावकाश बसला आणि द्रव बराच वेळ दुधाळ राहिला, तर लस गोठलेली नाही. समोर घट्ट गोठलेलीच कुपी सापडली तर चाचणीची गरज नाही, ती थेट बाद. ही चाचणी अॅल्युमिनियम असलेल्या लशींनाच लागू पडते. इंजेक्शनची पोलिओ लस गोठण्याने बिघडते, पण तिच्यात हे कण नसल्याने शेक टेस्ट तिच्याबद्दल काहीच सांगत नाही.

गोठलेल्या कुपीतला डोस दिला गेल्याचं नंतर लक्षात आलं, तर तो मोजायचा नाही. त्या तळावरच्या बाळाच्या कार्डावर पेंटा-२ पुढे सही असली, तरी त्याच्या शरीराच्या हिशेबात तो डोस झालेलाच नसतो. वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवून त्या कुपीतून कोणाकोणाला लस गेली ते नोंदींवरून काढावं लागतं आणि त्या बाळांना पुन्हा बोलवावं लागतं. तळ हलायच्या आत.