खरेदीवरील नफा आणि विक्रीवरील नफा

एकाच नफ्याचे शेकडा प्रमाण खरेदी किमतीवर काढले तर एक आकडा येतो, विक्री किमतीवर काढले तर त्याहून लहान आकडा येतो. रुपये तेवढेच असतात, पण भागायची रक्कम बदलते. शाळेच्या गणितात शेकडा नफा खरेदीवर काढतात. दुकानदार ज्याला ‘मार्जिन’ म्हणतो, ते मात्र बहुतेक वेळा विक्रीवरचे असते.

बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातील विणकराकडून १,२०० रुपयांना घेतलेली साडी १,५०० ला विकली, असे धरू. नफा ३०० रुपये. खरेदीवर तो २५ टक्के, तर विक्रीवर २० टक्के. तोंडी हिशेबाची रीत सोपी आहे: खरेदीवर चौथा हिस्सा म्हणजे विक्रीवर पाचवा, खरेदीवर तिसरा म्हणजे विक्रीवर चौथा. कारण विक्रीत खरेदीचे चार भाग आणि नफ्याचा एक, असे पाच भाग असतात. नफा बारीक असेल तर फरक जाणवत नाही. खरेदीवर ५ टक्के म्हणजे विक्रीवर सुमारे ४.७६. पण खरेदीवर १०० टक्के म्हणजे विक्रीवर फक्त ५०.

खरी गफलत महिनाअखेरीला होते. साड्यांवर २५ टक्के चढवून विकणाऱ्या दुकानाची महिन्याची विक्री ४ लाख झाली. मालक ४ लाखांचे २५ टक्के, म्हणजे १ लाख नफा धरतो. प्रत्यक्षात नफा पाचवा हिस्सा, ८० हजार. भाडे, पगार, वीज मिळून ९० हजार खर्च असेल, तर वहीत १० हजार शिल्लक दिसते आणि गल्ल्यात १० हजारांची तूट येते. शिल्लक मालाचा अंदाजही याच चुकीने फसतो. विकलेला माल खरेदी भावाने ३ लाख २० हजारांचा असतो, वहीत ३ लाखच वजा होतात. मोजणीत २० हजारांचा माल कमी भरला की संशय नोकरावर जातो. आधी टक्केवारीचा पाया तपासावा.

सवलत देतानाही हेच. २५ टक्के चढवलेल्या साडीवर २५ टक्के सूट दिली, तर ती १,१२५ ला जाते आणि ७५ रुपये पदरचे जातात. मुद्दल सांभाळायचे तर सूट २० टक्क्यांपर्यंतच. उलट, विक्रीवर २० टक्के हवे असतील तर १,२०० ला २० टक्के जोडून (१,४४०) चालत नाही, त्याने १६.६७ टक्केच सुटतात. खरेदीला ०.८० ने भागावे.

दोन्ही बाजूंना जीएसटी सारखाच धरावा. खरेदी कर वगळून १,२०० आणि विक्री ५ टक्के करासह १,५०० असेल, तर दुकानाची विक्री १,४२८.५७ एवढीच. नफा २२८.५७, म्हणजे विक्रीवर १६ टक्के, खरेदीवर सुमारे १९. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतील, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही, म्हणून त्याने तो कर खरेदीतच मिळवावा.