डिलीट केलेला फोटो कधी जाणार, ते त्याच्या नावातच असतं

'कायमचे उडालेले फोटो एका क्लिकवर परत आणा' अशा अॅपच्या जाहिराती बघितल्या की राग येतो, कारण बहुतेक वेळा फोटो ट्रॅशमध्ये शाबूत पडलेला असतो आणि लोक घाबरून भलतंच अॅप टाकून त्याला सगळ्या फाइल्सची परवानगी देऊन बसतात.

अँड्रॉइड ११ पासून बऱ्याच फोनवर फोटो डिलीट केला की तो पुसला जात नाही, हलवलाही जात नाही, आहे त्याच फोल्डरमध्ये राहतो, फक्त नाव बदलतं. समजा २ डिसेंबर २०२५ ला रात्री आठला फोटो उडवला, तर नाव असं होतं:

```
.trashed-1767277800-IMG_20251116_183012.jpg
```

सुरुवातीच्या टिंबामुळे फाइल लपते, म्हणून गॅलरीत दिसत नाही. मधला आकडा म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद (ग्रीनिच वेळेने). हा आकडा आपल्या वेळेत मोजला की येतो १ जानेवारी २०२६, रात्री आठ, म्हणजे बरोब्बर ३० दिवसांनंतरची वेळ. फोटो कधी उडवला ते इथे लिहिलेलंच नाही, तो कधी जाणार ते लिहिलंय! ही वेळ उलटली की फोन चार्जिंगला निवांत पडलेला असताना सिस्टिम साफसफाई करते आणि तेव्हा फोटो खरोखर जातो, त्यामुळे कधीकधी तो थोडा जास्तही टिकतो. तोपर्यंत जागा मात्र अडलेलीच राहते.

परत आणायचा तर गॅलरीच्या ट्रॅशमध्ये जाऊन रिस्टोअर करा. तिथे दिसत नसेल तर फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फाइल्स दाखवा आणि नावातला `.trashed-` पासून दुसऱ्या डॅशपर्यंतचा भाग काढून टाका. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो असेल तर ट्रॅशमध्ये ६० दिवस मिळतात, नसेल तर ३०.

आता हे दिवस वाढवता येतात का? गूगल फोटोजमध्ये तरी तशी सेटिंग नाही. पण लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपवर येतात, आणि तिथली रचना मला फार आवडते. तिथे प्रत्येक फाइलसोबत एक छोटी `.trashinfo` फाइल बनते, त्यात फाइल मुळात कुठे होती आणि कधी उडवली एवढंच असतं, मुदत नसते. मुदत सेटिंगमध्ये वेगळी असते आणि तपासणीच्या वेळी दोन्ही जुळवून बघतात. म्हणून आज

```
gsettings set org.gnome.desktop.privacy old-files-age 90
```

केलं की वीस दिवसांपूर्वी ट्रॅशमध्ये गेलेल्या फोटोलाही ९० दिवस मिळतात. उलट आकडा ७ केलात तर तोच फोटो पुढच्या साफसफाईत जाईल, अर्थात आपोआप रिकामं करणं चालू असेल तर (ते मुळात बंद असतं), त्यामुळे आकडा कमी करायच्या आधी ट्रॅश एकदा उघडून बघा.

ट्रॅशमधून गेल्यावर मात्र फोनमध्ये आशा जवळपास संपते. बऱ्याच नव्या फोनमध्ये प्रत्येक फाइल स्वतःच्या किल्लीने कुलूपबंद असते आणि फाइलबरोबर ती किल्लीही जाते, मग ते जाहिरातीतलं अॅप फार तर गॅलरीने बनवून ठेवलेली छोटी थंबनेल शोधून देतं.