अर्जानंतरचा संदेश: विचारणा वेगळी, पूरक माहिती वेगळी

पोर्टलवरून अर्ज केल्यावर हायरिंग मॅनेजरला पाठवायचा छोटा संदेश म्हणजे फॉलो-अपच, असे समजणारे उमेदवार वारंवार दिसतात आणि त्या गैरसमजातून चांगले संदेश वाया जातात. फॉलो-अप सर्वांच्या परिचयाचा आहे: आठवडा-दोन आठवडे वाट पाहून अर्जाचे काय झाले हे विचारायचे, आणि तेही रिक्रूटरला, कारण अर्जाच्या टप्प्यांची नोंद सहसा त्याच्याकडे असते. हायरिंग मॅनेजरला पाठवायचा तो छोटा संदेश मात्र अर्जाला पूरक माहिती देणारा असतो; हा पूरक संदेश अर्जानंतर एक-दोन दिवसांतच जातो. दोन्ही थोडक्यात आणि नम्रपणे लिहावेत, हे वेगळे सांगायला नको.

खरा फरक आहे तो वाचणाऱ्यावर काय सोपवले जाते याचा. फॉलो-अप उत्तर मागतो, तर पूरक संदेश उत्तराविनाही पूर्ण असतो. डेटा अ‍ॅनालिस्टच्या पदाचे उदाहरण घेऊ:

«नमस्कार. आपल्या विभागातील डेटा अ‍ॅनालिस्ट या पदासाठी मी काल पोर्टलवरून अर्ज केला आहे; जॉब आयडी विषयाच्या ओळीत दिला आहे. विक्रीचे मासिक अहवाल वेळेवर मिळावेत, यावर जाहिरातीत भर आहे. माझ्या सध्याच्या कामात असा अहवाल हाताने जुळवायला ३ दिवस लागत; एसक्यूएल क्वेरी तयार करून मी तो अर्ध्या दिवसावर आणला. तपशील रेझ्युमेच्या पहिल्या पानावर आहे. पुढील प्रक्रिया पोर्टलवरून होईलच. या संदेशाला उत्तर देण्याची आवश्यकता नाही.»

यात जाहिरातीतली एकच गरज निवडली आहे आणि तिच्यासमोर एकच पुरावा ठेवला आहे. मॅनेजरला तो पटला, तर जॉब आयडी आणि नावावरून अर्ज शोधून पाहण्यास तो रिक्रूटरला सांगू शकतो. न पटल्यास त्याला नकार कळवण्याच्या अवघडलेपणातून जावे लागत नाही. याच मजकुराच्या शेवटी «आपल्या बहुमूल्य वेळातील फक्त १५ मिनिटे द्यावीत, केव्हा बोलता येईल?» असे लिहिले, की पुराव्याचे वाक्य मागे पडते आणि संदेश विनंतीअर्ज होतो. हे वाक्य मला अजिबात मान्य नाही. भाषा कितीही आर्जवी असली तरी त्यात दबाव आहे, कारण ज्याने अजून अर्जही पाहिलेला नाही त्याला तारीख ठरवायला लावले जाते. म्हणून पाठवण्यापूर्वी शेवटचे वाक्य तपासावे: ते वाचून समोरच्याला काही करणे भाग पडत असेल, तर ते काढून टाकावे.

जाहिरातीशी थेट जुळणारा पुरावा हाताशी नसेल, किंवा उमेदवारांनी परस्पर संपर्क साधू नये असे तिच्यात स्पष्ट म्हटले असेल, तर हा संदेश पाठवूच नये. उत्तर आले नाही म्हणून मॅनेजरला दुसरा संदेशही पाठवू नये. दुसरीकडची ऑफर ठरावीक तारखेपर्यंत स्वीकारायची असेल, तर ती मुदत रिक्रूटरला फॉलो-अपमध्ये मोकळेपणाने कळवावी. पूरक संदेशात तिचा उल्लेख नको.